असाइनमेंट दिली, गुण कुठे गेले? : केंद्रीय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय शिक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, आपल्या मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. आम्ही अभ्यासकेंद्रांवर शिकवतो आणि असाइनमेंट तपासतो. विद्यार्थ्याचे वर्ष नेमके कुठे अडकते, ते आपल्यापर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र.

अभ्यासकेंद्र बहुतेक ठिकाणी एखाद्या कॉलेजातच असते. को-ऑर्डिनेटर त्याच कॉलेजचे प्राध्यापक असतात आणि हे काम ते आपली नोकरी सांभाळून करतात. समुपदेशनाचे वर्ग मुख्यतः रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी भरतात. त्यामुळे जूनच्या परीक्षेआधी मार्च-एप्रिलमध्ये आणि डिसेंबरच्या आधी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असाइनमेंटचे गठ्ठे येऊन पडतात, तेव्हा ते घ्यायला एक-दोनच माणसे असतात.

बहुतेक अभ्यासक्रमांत असाइनमेंटला 30 टक्के भार आहे, लेखी परीक्षेला 70. दोन्हींत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. एम.ए.च्या एका विषयाचे उदाहरण घेऊ. असाइनमेंटमध्ये 100 पैकी 72 आणि लेखी परीक्षेत 48 मिळाले, तर 21.6 अधिक 33.6 म्हणजे 55.2. विद्यार्थी सहज पास. पण ते 72 ग्रेड कार्डवर चढलेच नाहीत, तर 48 गुण असूनही तो विषय अपूर्ण दिसतो. विषय अपूर्ण म्हणजे पदवी अपूर्ण, आणि नोकरीसाठी लागणारे प्रमाणपत्रही अडकते.

गुण चढत नाहीत ते कुठे, हे पाहायला हवे. विद्यार्थी हाताने लिहिलेली उत्तरे देतो. पहिल्या पानावर नोंदणी क्रमांक, अभ्यासक्रमाचा आणि विषयाचा कोड, अभ्यासकेंद्राचा कोड असतो. केंद्र पोच देते. मग तपासणी होते, गुणांची यादी तयार होते, ती प्रादेशिक केंद्राकडे जाते आणि तिथून पुढे दिल्लीला. विषयाच्या कोडमधला एक आकडा चुकला, किंवा यादीतली एक ओळ राहून गेली, तर परीक्षेचा निकाल लागेपर्यंत ते अनेकदा कोणाच्या लक्षातच येत नाही. विद्यार्थ्याजवळ पुरावा म्हणून फक्त ती कागदी पोच असते. ती हरवली की त्याला नव्या सत्राची प्रश्नपत्रिका घेऊन सगळे पुन्हा लिहावे लागते, कारण जुने प्रश्न त्या सत्रापुरतेच चालतात. काही ठिकाणी असाइनमेंट आता ऑनलाइन घेतात, पण कुठे ईमेलवर, कुठे फॉर्मवर, कुठे पोर्टलवर. त्यात पीडीएफ पोहोचली हे कळते. ती कोणी तपासली आणि गुण कुठवर गेले, हे कळत नाही.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक असाइनमेंटला जमा होतानाच एक क्रमांक मिळावा आणि मिळाली, तपासली, गुण पाठवले, गुण नोंदले हे चार टप्पे विद्यार्थ्याला आपल्या लॉगिनमध्ये दिसावेत. अडकलेली नोंद परीक्षेआधी दिसली, तर केंद्रात उत्तरपत्रिका अजून जपलेली असते आणि दुरुस्ती एका दिवसात होते. निकालानंतर तीच उत्तरपत्रिका शोधणे अनेकदा अशक्य होते.

परीक्षा केंद्राचा प्रश्न वेगळा आहे. अभ्यासकेंद्र तेच परीक्षा केंद्र, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात परीक्षेचा फॉर्म भरताना विद्यार्थी यादीतून केंद्र निवडतो. ते केंद्र त्या सत्रात चालू झाले नाही किंवा त्याची क्षमता संपली, तर विद्यापीठ दुसरे देते. मोठ्या शहरात याने फार बिघडत नाही. गडचिरोलीच्या विद्यार्थ्याला नागपूर मिळाले, तर एका बाजूचेच दीडशेहून अधिक किलोमीटर होतात. सकाळचा पेपर दहाला सुरू होतो, म्हणजे आदल्या दिवशीच निघायचे आणि मुक्कामाची सोय शोधायची. पेपर आठ-दहा दिवसांत विखुरलेले असले, तर नोकरी करणारा माणूस एक-दोन पेपर सोडूनच देतो. हॉल तिकीट परीक्षेच्या तोंडावर निघते. तेव्हा ना रजा जुळवता येते, ना केंद्र बदलून मिळते.

म्हणून फॉर्म भरतानाच प्रत्येक केंद्राच्या उरलेल्या जागा दिसाव्यात. केंद्र बदलावे लागले, तर परीक्षेच्या किमान तीन आठवडे आधी एसएमएस जावा आणि त्यानंतर पाच दिवस दुसरा पर्याय निवडण्याची मुभा असावी. ज्या जिल्ह्यात एकही केंद्र चालू होत नाही, तिथे उमेदवारांची संख्या कमी असली तरी शासकीय महाविद्यालयात एक केंद्र ठेवावे. पर्यवेक्षकांचा खर्च मंत्रालयाने उचलावा, कारण कमी उमेदवार असलेले केंद्र फीच्या पैशावर चालत नाही.

असाइनमेंटच्या क्रमांकाचे काम येत्या सत्रापासून एखाद्या प्रादेशिक केंद्रात प्रयोग म्हणून सुरू करता येईल. त्यासाठी लागणारी तपासणी आणि याद्यांचे काम करून द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
अभ्यासकेंद्रांवरील समुपदेशक