कोर्सची फी भरण्याआधी जाहिरातीतली अर्हतेची ओळ वाचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. तेव्हापासून न्यायालयातल्या लिपिकाच्या नोकरीकडे इथल्या मुलामुलींचे लक्ष आहे. कागल, राधानगरी, गडहिंग्लजहून रोज एस.टी.ने येऊन टायपिंग शिकणारेही कमी नाहीत. पण हातातले प्रमाणपत्र चालत नाही, हे त्यातल्या अनेकांना अर्ज भरताना किंवा थेट कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर कळते.

मूळ घोळ असा, की संगणक हाताळणी आणि टंकलेखन या दोन वेगळ्या अर्हता आहेत आणि मुले त्या एकच समजतात. संगणक हाताळणीसाठी राज्याच्या जाहिरातींत 4 फेब्रुवारी 2013 च्या शासन निर्णयाचा दाखला असतो. त्यात एमएस-सीआयटी किंवा नाइलिट या केंद्र सरकारच्या संस्थेचे सीसीसी हे संगणक प्रमाणपत्र बसते. या अर्हतेसाठी पुष्कळ जाहिरातींत नियुक्तीनंतर दोन वर्षांची मुदतही मिळते. टंकलेखनाला तशी सवड साधारणपणे नसते. लिपिक-टंकलेखक पदाला ते प्रमाणपत्र अर्जाच्या शेवटच्या तारखेला हातात लागते. एमएस-सीआयटी झाले म्हणजे टायपिंगही झाले, असे मानून बसलेल्यांचे इथेच नुकसान होते.

टंकलेखनाचे ग्राह्य प्रमाणपत्र महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे यांचे, म्हणजे जीसीसी-टीबीसी या संगणक टंकलेखन परीक्षेचे. क्लास कुणाचाही असो, परीक्षेचे हॉल तिकीट आणि प्रमाणपत्र परिषदेचे हवे. 'आयएसओ मानांकित' किंवा 'भारत सरकार नोंदणीकृत' असे छापलेला वर्षाचा डिप्लोमा देखणा असतो, पण ती नोंदणी त्या संस्थेची असते. भरती करणारे कार्यालय तो डिप्लोमा मानतेच असे त्यातून ठरत नाही. प्रवेश घेताना एकच प्रश्न विचारावा: "माझा परीक्षा अर्ज परिषदेकडे कोणत्या सत्राला जाणार?" सरळ उत्तर मिळाले नाही, तर फी भरू नये.

यापुढची चूक वेगाची. इंग्रजीला 30 आणि 40 शब्द प्रतिमिनिट अशी दोन वेगळी प्रमाणपत्रे आहेत. बरेच जण इंग्रजी 30 करून थांबतात, आणि जाहिरातीत हवे असते 40. मराठीला मात्र 30 पुरते. आता दोन जाहिराती शेजारी ठेवून पाहू. एमपीएससीच्या लिपिक-टंकलेखक पदाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40, यातले पदानुसार एक लागते. जिल्हा न्यायालयांच्या 2023 च्या भरतीत कनिष्ठ लिपिकाला मराठी 30 आणि इंग्रजी 40 ही दोन्ही मागितली होती. ज्या मुलीकडे मराठी 30 आणि इंग्रजी 30 आहे, तिला पहिल्या ठिकाणी मराठीच्या पदाला अर्ज करता येतो, दुसऱ्या ठिकाणी येत नाही. अभ्यासक्रम सहा महिन्यांचा, त्यावर परीक्षा आणि निकालाची वाट. म्हणजे जाहिरात निघाल्यावर इंग्रजी 40 ला नाव घालून ती भरती गाठणे जवळपास अशक्यच. न्यायालयाकडे डोळा असेल, तर दोन्ही भाषा आधीच पूर्ण करून ठेवाव्यात.

केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाची, म्हणजे एसएससीची, सीएचएसएल ही बारावीवरची भरती परीक्षा असते, तिचे गणित निराळे. तिथल्या लिपिक पदाला टायपिंगचे प्रमाणपत्र कुणी मागत नाही, दहा मिनिटांची चाचणी घेतात. इंग्रजीला मिनिटाला 35 शब्द, म्हणजे तासाला 10,500 कळा. एक शब्द पाच कळांचा धरतात. त्यामुळे फक्त सीएचएसएलची तयारी करणाऱ्याने प्रमाणपत्रामागे न धावता रोज हात चालवावा.

मराठीच्या सरावात आणखी एक गोष्ट आड येते. मोबाइलच्या सवयीने पुष्कळ मुले रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवतात. भरतीच्या चाचणीत ती सोय गृहीत धरू नये. कीबोर्डची मांडणी इनस्क्रिप्ट की रेमिंग्टन, हे सूचनेत पाहून पहिल्या दिवसापासून तीच धरावी. 'कि' लिहायचे तर इनस्क्रिप्टमध्ये आधी `k`, मग वेलांटीसाठी `f`. रेमिंग्टनमध्ये जुन्या टाइपरायटरच्या वळणाने वेलांटी आधी, अक्षर मागून. एका मांडणीवर बसलेला हात दुसरीवर प्रत्येक ऱ्हस्व वेलांटीला अडखळतो, आणि वेग तिथेच पडतो.

सीसीसीला नाइलिटकडे क्लासशिवाय थेट अर्ज करता येतो, हेही गरजूंनी लक्षात घ्यावे. आणि प्रमाणपत्रावरचे नाव दहावीच्या प्रमाणपत्राशी अक्षरशः जुळते का, ते परीक्षा अर्ज भरतानाच तपासावे.

आपल्याला एक विनंती. भरतीची बातमी छापताना पदसंख्येसोबत टंकलेखनाच्या अर्हतेची ओळ जशीच्या तशी द्यावी. 'किंवा' आणि 'आणि' यांतला फरक त्या ओळीतच असतो, आणि गावाकडच्या मुलांपर्यंत पोहोचते ती बहुधा बातमीच, मूळ जाहिरात नव्हे.

आपला,
एक टंकलेखन शिक्षक,
राजारामपुरी, कोल्हापूर