‘आजच बंद करा’ हे कुणी सांगितलं?

संपादक महोदय,

कालच्या आरोग्य पानावरचा स्टेरॉइडवरचा लेख वाचला. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, हे सगळं खरं आहे. पण ‘या गोळ्या आजच बंद करा’ हे वाक्य छापण्याआधी एखाद्या डॉक्टरला विचारायला हवं होतं.

मागच्या कापूस वेचणीच्या दिवसांत यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका बाईंना ऑटोत आडवं टाकून माझ्याकडे आणलं. संधिवातासाठी दोन वर्षं प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी रोज १० मिलिग्रॅम चालू होती. कुणाचं तरी ऐकून मुलाने गोळ्या फेकल्या. पाचव्या दिवशी उलट्या, उभं राहिलं की चक्कर. गावात ऊन लागलं म्हणून सलाईन लावलं, तरी बीपी ८० च्या वर जाईना. शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइडच १०० मिलिग्रॅम दिलं, सलाईन चालूच ठेवलं, तेव्हा संध्याकाळी त्या उठून बसल्या.

मुलगा रडकुंडीला आला होता. ‘‘डॉक्टरसाहेब, वाईट गोळ्या बंद केल्या, मंग असं काऊन झालं?’’

घरच्यांना वाचून दाखवता यावं म्हणून मी त्याला चिठ्ठी लिहून दिली, ती अशी:

‘दादा, मूत्रपिंडाच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात. गोळीतलं औषध ज्या जातीचं, तसंच कॉर्टिसोल त्या रोज बनवतात. बाहेरून आयतं मिळालं की त्या काम सोडतात. दोन वर्षं गोठ्यात बांधलेला बैल एकदम वखराला जुंपला तर तो बसतो, तसंच आईचं झालं. आता पुन्हा १० पासून सुरू करू. आजार शांत राहिला तर एक महिना साडेसात, मग एक महिना ५. शरीराची स्वतःची रोजची गरज साधारण एवढीच असते, म्हणून खरी सावकाशी यापुढे. एक दिवस ५, एक दिवस अडीच, असं महिनाभर. मग रोज अडीच. शेवटी सकाळी ८ वाजता, त्या दिवशीची गोळी न घेता, रक्तातलं कॉर्टिसोल तपासू आणि मगच बंद करू. सांधे सुजून दुखले तर आजार उलटला समजा. गळाठा, मळमळ, चक्कर आली तर ग्रंथी अजून जाग्या झालेल्या नाहीत. दोन्ही वेळा मला विचारा. मोठा ताप आला तर दोन-तीन दिवस गोळी दुप्पट. उलटीने गोळी टिकत नसेल तर इंजेक्शनसाठी लगेच या.’

ग्रंथी पुऱ्या जागायला कधी कधी वर्षही जातं. तुमच्या लेखात याचा उल्लेखसुद्धा नाही.

दुसरी गोष्ट. आठवडी बाजारात गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्या मिळतात. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्या खाणाऱ्याला आपण काय खातो हेच ठाऊक नसतं, त्यामुळे बंद केल्यावर तो कोसळला तर डॉक्टरलाही कळत नाही. त्यावर लिहा.

आणि कालच्या वाक्याची दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा. रविवारची वाट पाहू नका.

आपला,
खेड्यात दवाखाना चालवणारा एक डॉक्टर,
जि. यवतमाळ