प्रत्येक सूज रांजणवाडी नसते
महोदय,
मुलाची पापणी सुजली की रांजणवाडी समजून शेक सुरू होतो. रांजणवाडी म्हणजे पापणीच्या कडेची दुखरी पुळी; तिने सहसा ताप येत नाही, डोळा मोकळा फिरतो. पण आठवडाभर सर्दी असलेल्या मुलाला ताप येऊन एका डोळ्याची अख्खी पापणी लाल, सुजलेली दिसली, तर सायनसमधला संसर्ग पातळ हाडातून डोळ्याच्या खोबणीत शिरलेला असू शकतो. पापणी हलकेच उघडून मुलाला चारही दिशांना बघायला सांगा. डोळा फिरवताना दुखला, पुढे आलेला वाटला, नजर अंधुक झाली किंवा पापणी उघडेचना, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा. उशिराने दृष्टी जाऊ शकते. तिथे शिरेतून अँटिबायोटिक देतात. २४ ते ४८ तासांत उतार पडला नाही, तर पू साचल्याची शंका घेऊन सीटी स्कॅन करतात. नजर मंदावली असेल तर तेवढेही थांबत नाहीत.
– एक बालरोगतज्ज्ञ