सूचना: तिसऱ्या मजल्याचे काम आणि बाहेर पडण्याचे बदललेले मार्ग

सर्व सहकाऱ्यांना नमस्कार,

सोमवारपासून आपल्या पणजी कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्याचे नूतनीकरण सुरू होत आहे. काम संपेपर्यंत मांडवीकडचा जिना बंद राहील.

- आग लागल्यास किंवा अलार्म वाजल्यास चौथ्या मजल्यावरील सर्वांनी मागच्या जिन्यानेच उतरावे. लिफ्ट वापरू नये.
- जिन्याचे अग्निरोधक दार विटेने किंवा खुर्चीने अडवून उघडे ठेवू नका. कामगारांनी ठेवलेले दिसले तरी लगेच लावा. उघड्या दारातून धूर जिन्यात भरतो आणि आपला एकमेव मार्ग जातो.
- धुळीमुळे तिसऱ्या मजल्यावरचे धूरसूचक कामाच्या वेळेत झाकलेले असतील, म्हणून तिथला अलार्म आपोआप वाजणार नाही. जळका वास आला तर जिन्याजवळच्या लाल पेटीचे बटण दाबा, मग १०१ ला फोन करा.
- पार्किंगमध्ये डेब्रिज पडणार असल्याने इमारतीतून बाहेर पडल्यावर फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडे जमावे.

ज्यांना जिना उतरायला त्रास होतो, त्यांनी शुक्रवारपर्यंत मला सांगावे. त्यांची बसण्याची सोय तळमजल्यावर करू.

कार्यालय प्रशासक