अर्जातला फोटो ५० केबीत दाबला की मिसळलेला चेहरा लपतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भरती परीक्षेत डमी उमेदवार पकडल्याच्या बातम्या आपल्याकडे अधूनमधून छापून येतात. हॉल तिकिटावरचा फोटो आणि समोर बसलेला माणूस वेगळा वाटला, म्हणून पर्यवेक्षकांना संशय आला, असं त्यात बहुधा असतं. हा फरक मुळात दिसूच नये म्हणून तयार केलेल्या फोटोंबद्दल मला लिहायचं आहे. खऱ्या उमेदवाराचा आणि डमीचा चेहरा संगणकावर एकमेकांत मिसळतात आणि तयार झालेला एकच पासपोर्ट साइझ फोटो ऑनलाइन अर्जाला जोडतात. उत्तर प्रदेश, राजस्थानात पोलिसांनी असे प्रकार उघडकीला आणले आहेत. आपल्याकडेही त्याच पद्धतीचे ऑनलाइन अर्ज भरले जातात, तेव्हा इथे ते होणार नाही असं मानायला काही आधार नाही.

माझा ठाण्यात फोटो स्टुडिओ आहे. जोडीला ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं काम चालतं, त्यामुळे कळवा-मुंब्र्यापासून ऐरोली-घणसोलीपर्यंतची मुलं येतात. फोटो आम्ही काढतो तसेच लोकांनी आणलेले फोटो लहान करूनही देतो.

मागच्या भरतीच्या वेळी एका मुलाने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला आणि म्हणाला, "काका, फक्त ५० केबीत बसवून द्या, लगेच अपलोड करायचाय." फोटो त्याचाच वाटत होता. पांढरी पार्श्वभूमी, चेहरा समोर, नजर सरळ, कशालाच नाव ठेवायला जागा नव्हती. कापण्यासाठी मी तो स्क्रीनवर मोठा केला आणि डोळ्यांपाशी थांबलो.

फोटो काढताना समोरच्या लाइटचं प्रतिबिंब बाहुलीवर पडतं. आम्ही फोटोवाले त्याला कॅचलाइट म्हणतो. काळ्या बाहुलीवर ते झगझगीत पांढरं दिसतं. या फोटोत प्रत्येक डोळ्यात दोन कॅचलाइट होते, एक चौकोनी आणि एक गोल. दोन लाइट लावले तर दोन दिसतातच, त्यात विशेष काही नाही. पण हे दोन्ही राखाडी होते, धुरकट, जणू अर्धेच उमटलेले. बुबुळाच्या कडेलाही खालच्या बाजूला दुसरी फिकट कड दिसत होती. उजव्या कानाची पाळी दुहेरी होती आणि कपाळावर केस सुरू होतात तिथे एक सावलीसारखी पट्टी होती. शर्टाची कॉलर मात्र एकदम धारदार, तिची शिवणसुद्धा मोजता आली असती.

असं का होतं, ते सांगतो. मिसळणारं सॉफ्टवेअर दोन्ही चेहऱ्यांवर डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्या, ओठ, हनुवटी अशा खुणांचे बिंदू धरतं, दोन्ही चेहरे ओढूनताणून एकाच साच्यात बसवतं आणि मग प्रत्येक ठिकाणी दोन्ही रंगांची सरासरी काढतं. बिंदू जुळतात तिथे काम बेमालूम होतं. केस, कान, मान, बुबुळाची गोलाई हे दोन माणसांचं कधीच नेमकं जुळत नाही, म्हणून तिथे दोन कडा एकमेकींवर पडतात. एका फोटोत बाहुलीच्या ज्या जागी पांढरा ठिपका असतो, तिथे दुसऱ्या फोटोत नुसती काळी बाहुली असते, आणि पांढऱ्या-काळ्याची सरासरी राखाडी येते. कॉलर धारदार राहते, कारण मिसळलेला चेहरा पुष्कळदा एकाच फोटोच्या धडावर बसवलेला असतो. त्यामुळे चेहऱ्याची त्वचा गुळगुळीत आणि मानेची खरखरीत असा फरकही दिसतो.

नुसत्या गुळगुळीत त्वचेवरून मात्र कुणावर आरोप करू नये, हे कळकळीने सांगतो. हल्ली निम्म्या मोबाइलमध्ये ब्युटी फिल्टर आधीपासूनच चालू असतो, आणि पोर्ट्रेट मोड केसांच्या आणि कानांच्या कडा स्वतःच पुसट करतो. प्रामाणिक मुलांचे असे फोटो आमच्याकडे येतच असतात. माझा भर त्यामुळे कॅचलाइटवर आणि बुबुळाच्या कडेवर असतो. फिल्टर त्वचा पुसतो, पण एकाच्या जागी दोन अर्धवट प्रतिबिंबं तयार करत नाही.

त्या मुलाला मी म्हटलं, "बस ना, दोन मिनिटांत नवा काढून देतो, पैसे नकोत." तो म्हणाला, "नको काका, हाच पाहिजे," आणि निघून गेला. त्याच्या मनात काय होतं, ते मी सांगू शकत नाही. मात्र फोटो एकाच माणसाचा नव्हता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मुख्य मुद्दा आता येतो. तो फोटो मी सांगितल्याप्रमाणे लहान करून दिला असता, तर या सगळ्या खुणा माझ्याच हातून पुसल्या गेल्या असत्या. बँक भरतीच्या अर्जात फोटो साधारण २०० बाय २३० पिक्सेलचा आणि २० ते ५० केबीचा मागतात. इतरही कित्येक अर्जांची मागणी अशीच असते. एवढ्या फोटोत बुबुळाची रुंदी जेमतेम दहा-अकरा पिक्सेल भरते. मोबाइलवरच्या मूळ फोटोत तेच बुबुळ सहज शंभर पिक्सेलचं असतं. त्यात जेपीईजी करताना चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येकातला बारकावा कमी केला जातो, म्हणजे अख्खं बुबुळ दोन-चार चौकोनांत संपतं. राखाडी कॅचलाइट, दुहेरी कड, कानाची पाळी यातलं काहीच उरत नाही. पुढे तो फोटो हॉल तिकिटावर येतो आणि मुलं ते झेरॉक्सच्या दुकानातून काळंपांढरं छापून आणतात. परीक्षा केंद्राच्या दारात, रांग पुढे सरकवण्याच्या घाईत, पर्यवेक्षकाच्या हातात हा कागद असतो. त्यावरून मिसळलेला चेहरा ओळखण्याची अपेक्षा त्यांच्याकडून ठेवणं अन्यायाचं आहे.

खरं तर चांगला फोटो हातात देऊनही समोरच्या माणसाशी तुलना करून हे सापडणं कठीण आहे. मिसळलेला फोटो दोघांसारखाही दिसतो, त्याचा उपयोगच तो आहे. इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं की अशा एकाच फोटोला चेहरा ओळखणारी यंत्रणासुद्धा दोन्ही माणसांशी जुळवून घेते, म्हणजे एका पासपोर्टवर दोघं प्रवास करू शकतात. २०१८ मध्ये जर्मनीतल्या कार्यकर्त्यांच्या एका गटाने स्वतःतल्या एकीचा चेहरा युरोपीय संघाच्या तेव्हाच्या परराष्ट्र धोरणप्रमुख फेडेरिका मोगेरिनी यांच्या चेहऱ्यात मिसळला आणि त्या फोटोवर खरा जर्मन पासपोर्ट मिळवून दाखवला. जर्मनीने पुढे नियमच बदलला. १ मे २०२५ पासून तिथे पासपोर्टसाठी छापील फोटो घेणं बंद करण्यात आलं. आता फोटो कार्यालयातच काढायचा किंवा मान्यताप्राप्त स्टुडिओतून सुरक्षित मार्गाने थेट कार्यालयाकडे जायचा, मध्ये अर्जदाराच्या हाती फाइल येत नाही.

आपल्याकडे पासपोर्टच्या बाबतीत ही काळजी आधीपासून घेतली जाते. वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात काउंटरवर बसवूनच फोटो काढतात. स्टाफ सिलेक्शन कमिशननेही २०२४ पासून अर्ज भरतानाच कॅमेऱ्यासमोर थेट फोटो काढायची पद्धत आणली. मग राज्यातल्या, पालिकांच्या आणि इतर भरत्यांत अजून घरून आणलेली फाइल का चालावी? माझ्या दुकानाचं गिऱ्हाईक त्याने कमी होईल, याची मला कल्पना आहे. तरीही ते व्हावं.

थेट फोटोची सोय जिथे लगेच करता येणार नाही, तिथे निदान ५० केबीची अट काढावी आणि मूळ मोठी फाइल मागून ती जपून ठेवावी. या अटीने डोळ्यांनी पाहता येणारा पुरावा जातोच, शिवाय असे फोटो तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही सूक्ष्म खुणाच लागतात आणि फोटो दाबला किंवा छापून पुन्हा स्कॅन केला की त्या विरतात. मोठ्या फाइलने सगळं सापडेल, असा माझा दावा नाही. सराईत माणूस राखाडी ठिपके पुसून एकच पांढरा ठिपका रंगवतो, केसांची कड साफ करतो. नव्या एआय साधनांनी बनवलेल्या चेहऱ्यात तर दुहेरी कडा उमटतच नाहीत, कारण तिथे सरासरी काढलेली नसते, चेहरा नव्याने घडवलेला असतो. त्यामुळे फोटोतल्या खुणा शोधण्यावर एका मर्यादेपलीकडे विसंबता येत नाही.

म्हणून माझी खरी मागणी वेगळी आहे आणि तिला फारसा खर्चही नाही. या फसवणुकीत अर्जातला फोटो मध्यस्थाचं काम करतो. परीक्षेच्या दिवशी डमी बसतो, त्याचा चेहरा अर्जातल्या फोटोशी जुळतो. कागदपत्र पडताळणीला खरा उमेदवार येतो, त्याचाही चेहरा त्याच फोटोशी जुळतो. दोन्ही वेळा तपासणी होते आणि दोन्ही वेळा ती पार पडते. त्या दोन माणसांना एकमेकांशी मात्र कुणी ताडून पाहत नाही, आणि तिथे ते जुळूच शकत नाहीत. कितीतरी परीक्षा केंद्रांवर आजही प्रवेशद्वारावर वेबकॅमने फोटो घेतात. तो फोटो जपून ठेवावा. पडताळणीच्या दिवशी टेबलावर बसलेल्या उमेदवाराचा नवा फोटो काढावा, आणि हे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. तेवढ्या वेळापुरता अर्जातला फोटो बाजूला ठेवावा. तो सोबत असला की नजर पुन्हा त्याच्याकडेच वळते आणि दोघंही त्याच्यासारखे दिसू लागतात. बोटांचे ठसे घेतले जात असतील, तर तेही परीक्षेच्या दिवसाचे आणि पडताळणीच्या दिवसाचे असेच एकमेकांशी लावून पाहावेत.

ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या पुढच्या भरतीच्या जाहिरातीत ही एक अट घालता येईल: परीक्षेच्या दिवशी काढलेला फोटो नियुक्तीपर्यंत जतन केला जाईल आणि रुजू होताना काढलेल्या फोटोशी थेट जुळवला जाईल. दोन्ही महापालिकांच्या आयुक्तांपर्यंत ही सूचना आपल्या वृत्तपत्रातून पोहोचावी, एवढी विनंती.

आपला,
एक स्टुडिओचालक, ठाणे