ग्रेडपत्रिकेवर भागाकाराचा नियम छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी शाहू मार्केट यार्डात एका अडत दुकानाचे हिशेब लिहितो. माझी भाची इथल्याच एका कॉलेजात शिकते. तिच्या पहिल्या सत्राच्या सुधारित ग्रेडपत्रिकेवर एसजीपीए, म्हणजे सत्राच्या ग्रेडची सरासरी, ६.७५ आला आणि पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही, कारण शिष्यवृत्तीच्या अर्जात पासष्ट टक्क्यांची अट होती. मी पत्रिका मागून घेतली आणि कागद-पेन घेऊन बसलो.

गुळाच्या सौद्यात शंभर रवे एका भावाने आणि दहा रवे दुसऱ्या भावाने गेले, तर दोन भावांची बेरीज करून दोनाने कोणी भागत नाही. वजनाला भावाने गुणायचे, सगळे मिळवायचे आणि एकूण वजनाने भागायचे. एसजीपीएचा हिशेब हाच आहे. क्रेडिट म्हणजे वजन, ग्रेड पॉइंट म्हणजे भाव. यूजीसीच्या दहा पॉइंटांच्या पद्धतीत 'ओ'ला १०, 'ए प्लस'ला ९, 'ए'ला ८, 'बी प्लस'ला ७, 'बी'ला ६ असे उतरत 'पी'ला ४ आणि नापासाच्या 'एफ'ला शून्य मिळतात.

भाचीला चार क्रेडिटच्या भौतिकशास्त्रात 'ए' होता, म्हणजे ३२. चार क्रेडिटच्या रसायनशास्त्रात 'बी प्लस', म्हणजे २८. तीन क्रेडिटच्या इंग्रजीत 'ए प्लस', २७, आणि तीन क्रेडिटच्या कार्यशाळेत 'ए', २४. चार क्रेडिटच्या गणितात मात्र ती आधी नापास झाली. बेरीज १११, भागिले १८, म्हणजे ६.१७. नापास विषयाचे पॉइंट शून्य असले तरी त्याची चार क्रेडिट भागाकारात राहतात, म्हणून एका 'एफ'ने सगळे सत्र खाली ओढले जाते.

पुढे तिने गणित पुन्हा दिले आणि 'बी' मिळवला, २४ पॉइंट. इथे नियम पाहावा लागतो. जुना 'एफ' पुसून नवा ग्रेड धरला तर १३५ भागिले १८, म्हणजे ७.५०. दोन्ही प्रयत्न मोजले तर गणिताची क्रेडिट दोनदा येतात आणि १३५ भागिले २२ होऊन आकडा ६.१४ वर येतो. काही ठिकाणी शेवटच्या प्रयत्नाचा ग्रेड धरतात, काही ठिकाणी त्यांतला चांगला. मुलांनी परीक्षेचा फॉर्म भरण्याआधी हे विचारून घ्यावे. भाचीच्या कॉलेजात जुना ग्रेड बदलतात, म्हणजे ७.५० यायला हवे होते. मग ६.७५ कुठून आले?

उत्तर पर्यावरण अभ्यासात सापडले. तो दोन क्रेडिटचा विषय आणि त्याला ग्रेड नाही, फक्त 'पास'. अशा विषयाची क्रेडिट पदवीसाठी मिळवलेल्या क्रेडिटमध्ये धरतात, पण सरासरीच्या भागाकारात धरत नाहीत, कारण त्याला गुणायला भावच नसतो. संगणकाने मात्र मिळवलेल्या एकूण क्रेडिटने भागले होते: १३५ भागिले २०, म्हणजे ६.७५. ही चूक कुणालाही पकडता येते. पत्रिकेवरच्या एकूण पॉइंटांना एसजीपीएने भागा. येणारा आकडा ग्रेड असलेल्या विषयांच्या क्रेडिटइतका हवा. तो 'पास'ची क्रेडिट धरून एकूण क्रेडिटइतका आला, तर भागाकार चुकला आहे.

आता टक्क्यांचे. तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या, तक्त्यात ६.७५ म्हणजे ६० टक्के आणि ७.२५ म्हणजे ६५ टक्के, म्हणजे दहाने गुणून साडेसात वजा करायचे. त्या हिशेबाने भाचीचे ६७.५ टक्के होतात आणि ती पात्र ठरते. चुकीच्या पत्रिकेवर ती बरोबर साठावर अडकली होती. पण हेच ७.५० कोणी सरळ दहाने गुणले तर ७५ होतात, आणि साडेनऊने गुणले तर ७१.२५. साडेनऊचा गुणक सीबीएसईने आपल्या दहावीसाठी काढला होता, तो पदवीला लावण्यात अर्थ नाही. आधी आपल्या विद्यापीठाने जे सूत्र दिले असेल तेच लावायचे आणि त्याचा कागद अर्जाला जोडायचा. परदेशच्या चार पॉइंटांच्या पद्धतीतही ७.५० ला चारने गुणून दहाने भागणे धोक्याचे आहे. आपल्याकडे पास होण्याची पायरी १० पैकी ४, ती या भागाकाराने १.६ होते, आणि तिकडचा उत्तीर्णतेचा 'डी' सहसा १.० असतो. तळाच्या पायऱ्याच जुळत नाहीत. म्हणून तिथे सहसा एकूण आकडा न बदलता एकेका विषयाचा ग्रेड बदलून पुन्हा सरासरी काढली जाते.

आम्ही परीक्षा विभागात लेखी अर्ज दिला आहे. तिथल्या लिपिकांनी आकडेमोड पाहिली आणि मान्य केली, पण सुधारित पत्रिकेला तीन आठवडे लागतील म्हणाले. शिष्यवृत्तीची मुदत त्याआधी संपते. आपल्या पत्रामार्फत जिल्ह्यातल्या कॉलेजांना माझी विनंती आहे की पत्रिकेच्या मागे तीन ओळी छापा: पुन्हा दिलेल्या विषयाचा कोणता ग्रेड धरला, कोणती क्रेडिट भागाकारात नाहीत आणि टक्क्यांचे सूत्र कोणते.

आपला,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर