पव्या, गाइड बदलायचा तुझा अर्ज वाचला

प्रिय पव्या,

तुझा ड्राफ्ट रात्री दोनदा वाचला. चार पानं आहेत आणि त्यातली साडेतीन पानं सर कसे माणूस आहेत यावर. तासन्‌तास केबिनबाहेर बसवून ठेवतात, पोरांच्या उत्तरपत्रिका तुझ्याकडून तपासून घेतात, सगळ्यांसमोर अपमान करतात, मुलीच्या प्रोजेक्टचं टायपिंगसुद्धा तुझ्याच गळ्यात. सगळं खरं आहे, मला माहितीये. पण हा अर्ज आहे तसा टाकू नकोस, हात जोडतो.

कारण तो अर्ज कुणाकुणाच्या हातात जाणार ते बघ ना. आधी पीएचडी सेक्शनचा क्लार्क, मग उपकुलसचिव, मग तुमच्या विषयाची संशोधन व मान्यता समिती, जिला सगळे आरआरसी म्हणतात. आणि मधे कुठेतरी तो अर्ज सरांकडेच जाणार, अभिप्रायासाठी. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. माझा गेला होता. आणि आमच्या साहेबांनी अभिप्रायात एकच ओळ लिहिली, विद्यार्थी नियमित येत नाही. बास. आता तू लिहिलंस की सर अहंकारी आहेत, तर ते लिहिणार की विद्यार्थी उद्धट आहे, आणि समितीला वाटणार दोघांचं पटत नाही, दोघांना बसवून समजूत घालू. समजूत घातली की तू परत त्याच केबिनबाहेर. म्हणून अर्जात अशीच वाक्यं ठेव ज्यांना सरांना खोटं म्हणता येणार नाही. कुठलं काम कोणत्या तारखेला दिलं, ते कुठे अडकलंय, आणि त्यावर कुणाची सही पाहिजे.

तुझ्याकडे यासाठी भारी मुद्दा आहे आणि तो तू तिसऱ्या पानावर एका ओळीत मारून टाकलायस. तुझं रजिस्ट्रेशन जुलै २०२३ चं, म्हणजे तुला यूजीसीचे नोव्हेंबर २०२२ चे पीएचडी नियम लागू. त्यात लिहिलंय की प्रत्येक सेमिस्टरला विद्यार्थ्याने संशोधन सल्लागार समितीसमोर, म्हणजे आरएसीसमोर, प्रेझेंटेशन द्यायचं आणि प्रगतीचा छोटा अहवाल द्यायचा, समितीने शिफारशी विद्यापीठाला पाठवायच्या आणि त्यांची एक कॉपी विद्यार्थ्यालाही द्यायची. आणि या समितीचा निमंत्रक कोण? गाइड स्वतः. तू म्हणतोस ऑगस्ट २०२४ नंतर तुझी आरएसी झालेलीच नाही. मग हाच अर्जाचा कणा कर की. प्रगती असमाधानकारक असेल तर समितीने कारणं लेखी नोंदवून सुधारणा सुचवायच्या असतात, आणि तरीही काही झालं नाही तर रजिस्ट्रेशन रद्द करायची शिफारस करता येते. म्हणजे उद्या कुणी म्हणालं याची प्रगतीच नाही, तर रेकॉर्डवर फक्त तुझे न झालेले रिपोर्ट दिसणार, बैठक कुणी बोलवली नाही हे दिसणारच नाही. ते तूच लेखी आणून ठेवायचं.

पुरावा म्हणून व्हॉट्सॅपचे स्क्रीनशॉट ढिगाने जोडू नकोस. ब्ल्यू टिक दिसली म्हणून चॅप्टर वाचला असं कुणी मानत नाही. ईमेल जोड, त्यातही अटॅचमेंट असलेले. आणि आजपासून एक सवय लाव, सरांशी काहीही तोंडी बोलणं झालं की त्याच संध्याकाळी साधा मेल टाकायचा, सर आज आपण सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या प्रकरणातले तक्ते बदलतोय, सुधारित प्रत सोमवारी देतो. उत्तर आलं नाही तरी चालतं. आणि 'नियमित येत नाही' याला उत्तर म्हणून डिपार्टमेंटच्या मस्टरची झेरॉक्स आत्ताच काढून ठेव, अर्ज पडल्यावर ते मस्टर तुझ्या हाती कोण देतंय.

मधला भाग मी असा लिहिला असता, बघ (तारखा तुझ्या मेलवरून घेतल्यात, एकदा चेक कर):

"महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, मी भूगोल विषयात जुलै २०२३ पासून पीएचडीसाठी नोंदणीकृत आहे. प्रकरण २ चा मसुदा दि. १२ फेब्रुवारी २०२५ रोजी व प्रकरण ३ चा मसुदा दि. १७ एप्रिल २०२५ रोजी मार्गदर्शकांना ईमेलद्वारे सादर केला. दि. ३ जून २०२५ रोजी स्मरणपत्र दिले. दोन्ही मसुद्यांवर आजपर्यंत लेखी अभिप्राय मिळालेला नाही. ऑगस्ट २०२४ नंतर संशोधन सल्लागार समितीची बैठक झालेली नसल्याने माझे सहामाही प्रगती अहवाल प्रलंबित आहेत व त्यामुळे अधिछात्रवृत्तीच्या श्रेणीवाढीचा प्रस्तावही प्रलंबित आहे. सबब, संशोधनाचे शीर्षक कायम ठेवून मार्गदर्शक बदलून मिळावा, ही विनंती."

एवढंच. यात सरांबद्दल एकही विशेषण नाही, बघितलंस? रुक्ष वाटेल, वाटू दे. फेलोशिपचं वाक्य मात्र काढू नकोस, दोन वर्षं झाली की जेआरएफचे ३७,००० वरून एसआरएफचे ४२,००० होतात आणि ते समितीच्या मूल्यांकनाशिवाय होत नाहीत, हे नुकसान रुपयांत मोजता येतं आणि ऑफिसला रुपये लगेच कळतात.

'शीर्षक कायम ठेवून' हे तीन शब्द मी मुद्दाम घातलेत. नवीन गाइडला विषय थोडा वळवावासा वाटतोच, आणि शीर्षक बदललं की परत समितीची मान्यता, परत बैठकीची वाट. तुझा शेततळ्यांचा सर्व्हे झालाय, तो फुकट घालवू नकोस. आणि गाइड बदलला म्हणून सहा वर्षांची मुदत काही नव्याने मोजत नाहीत, ती रजिस्ट्रेशनपासूनच धावतेय. वर जास्तीत जास्त दोन वर्षं री-रजिस्ट्रेशनने मिळू शकतात, पण ती हक्काची समजून बसू नकोस.

आता नवीन गाइड. नुसतं 'दुसरा मार्गदर्शक द्यावा' असं लिहिलंस तर फाइल पडून राहणार, कारण शोधायचं काम ऑफिसच्या गळ्यात पडतं आणि ते कुणालाच नको असतं. तूच नाव आणि त्यांचं संमतिपत्र जोड. पण तू ज्या मॅडमचं म्हणतोयस, त्यांच्याकडे जागा आहे का ते आधी बघ. प्रोफेसरकडे एका वेळी ८ विद्यार्थी, असोसिएटकडे ६, असिस्टंटकडे ४, त्यावर नाही. आणि दुसरे ते मोठे सर, जे चहा पाजून लगेच हो म्हणाले, ते दोन वर्षांत रिटायर होतायत ना? रिटायरमेंटला तीन वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर नवीन विद्यार्थी घेता येत नाही. त्यांना मनापासून द्यायचंय, पण नियमात बसणार नाही आणि तुझा अर्ज त्या एका कारणावर परत येईल. मॅडमकडे जागा आहे का हे तोंडी कुणी सांगत नसेल तर माहिती अधिकारात रिक्त जागांची यादी माग, १० रुपये फी आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

एनओसीवरून एवढा घाबरू नकोस. सेक्शनवाला म्हणाला ना, आधी सरांची ना हरकत आण मग बोल. तुमच्या विद्यापीठाच्या पीएचडी नियमावलीची पीडीएफ काढ, गाइड बदलाची पद्धत जी काय आहे ती तिथेच असते, आणि ना हरकत खरंच सक्तीची आहे का ते स्वतः वाच. असेल तर सरांना मेलवर माग, आठ दिवसांनी आठवण कर, आणि तो मेलच अर्जाला जोडून लिही की मागितली, मिळाली नाही. ज्याच्याबद्दल तक्रार त्याचीच परवानगी आण म्हणणं म्हणजे चोराकडे चावी मागण्यासारखं आहे, पण हे वाक्य अर्जात नको हां.

तुझी खरी अडचण वेगळीच आहे, सर एचओडी आणि संशोधन केंद्रप्रमुखही तेच. म्हणजे थ्रू प्रॉपर चॅनल पाठवलंस की अर्ज त्यांच्याच ड्रॉवरमध्ये. म्हणून दोन प्रती कर. एक केंद्रामार्फत, आणि दुसरीवर ठळक 'आगाऊ प्रत' लिहून थेट कुलसचिवांच्या नावाने आवक विभागात दे, आवक नंबर आणि तारखेचा शिक्का तुझ्या कॉपीवर घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस. अधिष्ठात्यांनाही माहितीसाठी प्रत. आणि शेवटी एक छोटी मागणी वाढव, की निर्णय होईपर्यंत फेलोशिपच्या आणि प्रगती अहवालाच्या कागदांवर सही करायला अधिष्ठात्यांनी दुसरा अधिकारी नेमावा. हे कुणी मागतच नाही आणि मग मधल्या काळात पैसे अडकतात, आमच्या हॉस्टेलवर दोन पोरांचं असंच झालं.

उत्तरपत्रिका आणि टायपिंगचं प्रकरण या अर्जातून काढ. सोडून दे म्हणत नाहीये, वेगळ्या कागदावर तारखांसकट लिहून ठेव. त्याची तक्रार करायची असेल तर ती वेगळी जाऊ दे, कारण एकत्र केलंस की चौकशी लागते आणि चौकशी संपेपर्यंत गाइड बदल थांबतो. अर्थात जातीवरून बोलणं किंवा मुलींना त्रास असलं काही असतं तर मी उलट सांगितलं असतं, ते आधी आणि त्याच्या ठरलेल्या समितीकडेच न्यायचं.

आणि अर्ज देण्यापूर्वी सरांच्या कपाटातल्या तुझ्या सर्व्हेच्या मूळ प्रश्नावल्या काहीतरी कारण काढून घेऊन ये. स्कॅनिंगला नेतो म्हण. खोटं पण नाही ते, स्कॅन करायच्याच आहेत.

मग महिनाभर काही हाललं नाही तर विद्यापीठाची विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे, २०२३ च्या यूजीसी नियमांप्रमाणे तक्रार आल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत तिने अहवाल द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर १५ दिवसांत लोकपालाकडे अपील. पाळतात का वेळ? नेहमी नाही. पण तिथे जाताना तुझ्या हातात आवक नंबर असलेला, दोन पानी, तारखांचा अर्ज असला की सुरुवात शून्यातून करावी लागत नाही. माझं काम तिथपर्यंत गेलंच नाही, आरआरसीतच झालं, कारण नवीन मॅडमचं संमतिपत्र जोडलेलं होतं आणि समितीला फक्त मंजूर म्हणायचं होतं.

दोन पानांत बसवून परत पाठव, मी वाचतो. घरी काकूंना अजून सांगितलं नसशील तर नवीन गाइडचं पत्र आल्यावर सांग, उगाच त्यांची झोप नको जायला. आणि प्रकरण ४ लिहायचं थांबवू नकोस, मॅडम पहिल्याच भेटीत तेच मागतील.

तुझा,
मन्या